सहा ओळींचा ट्रेस

आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलचं उत्तर प्रॅक्टिकलच्या आधी ठरलेलं असे. वरच्या वर्गाची जर्नल खालच्या वर्गाकडे यायची आणि तिच्यातले आकडे आम्ही सुवाच्य अक्षरात उतरवायचो. विज्ञानाच्या दृष्टीनं हा मोठाच चमत्कार होता. वेगवेगळ्या वर्षांची वेगवेगळी मुलं, वेगवेगळे संगणक, आणि निकाल दशांशासकट एकच.

मी चंद्रपूरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. ब्रह्मपुरीकडची, धानाच्या शेतीतली. माझी लॅबमधली जोडीदार एटापल्लीची होती आणि होस्टेलमध्ये आमच्या खाटाही शेजारी होत्या. सातवं प्रॅक्टिकल होतं ब्रँच प्रेडिक्टरचं: तो सी भाषेत लिहायचा आणि नोंदवून ठेवलेल्या ट्रेसवर त्याची अचूकता मोजायची.

गोष्ट अवघड नाही. प्रोग्राममध्ये जागोजागी जर-तर असतं, त्यालाच ब्रँच म्हणतात. तिथून उडी मारायची की सरळ पुढे जायचं, हे कळेपर्यंत थांबायला प्रोसेसरला सवड नसते. म्हणून तो अंदाज करतो आणि पुढे निघतो. अंदाज चुकला तर केलेलं काम टाकून मागे येतो. या अंदाजासाठी प्रत्येक जागेला एक छोटा काउंटर असतो, शून्य ते तीन. दोन किंवा तीन असेल तर 'उडी होईल' म्हणायचं, शून्य किंवा एक असेल तर 'होणार नाही'. खरंच उडी झाली की काउंटर एकानं वर, नाही झाली की एकानं खाली. तीनच्या वर जात नाही, शून्याच्या खाली जात नाही. पूर्ण खात्री असलेला काउंटर एकदा चुकून मत बदलत नाही, दोनदा चुकला की बदलतो. माझ्या ओळखीची बरीच मोठी माणसं एवढंही करत नाहीत.

ट्रेस म्हणजे एका सॉर्टिंग प्रोग्रामची नोंद. प्रत्येक ओळीत ब्रँचचा पत्ता आणि शेजारी T किंवा N, म्हणजे उडी झाली की नाही. ती फाइल विभागप्रमुख सरांनी तयार केली होती, आणि नमुन्याचा प्रोग्रामही त्यांचाच. जर्नलमधला आकडा होता चौऱ्याण्णव टक्के. माझा आला सत्त्याऐंशी.

माझंच चुकलं असणार, हे मी आधी गृहीत धरलं. आम्हाला तसंच शिकवलेलं होतं. काउंटरांचं टेबल तपासलं, पत्त्याचे बिट तपासले, काउंटर तीनवरून उलटून शून्यावर तर जात नाही ना, ते पाहिलं. सगळं ठीक होतं. मग मी मोठा ट्रेस बाजूला ठेवला आणि हातानं सहा ओळींचा लिहिला. ब्रँच एकच: T, N, T, N, T, N. काउंटरची सुरुवात एकपासून, सरांच्या प्रोग्राममध्ये होती तशीच. कागदावर हिशेब केला तर सहाच्या सहा अंदाज चुकतात. काउंटर एकवर असतो तेव्हा उडी होते, दोनवर जातो तेव्हा होत नाही. माझा प्रोग्राम म्हणाला, शून्य बरोबर. सरांचा म्हणाला, सहापैकी सहा.

कारण दोन ओळींत सापडलं. सर आधी काउंटर बदलत होते आणि मग त्याला अंदाज विचारत होते. म्हणजे निकाल लागल्यावर पेपर सोडवायचा. त्या दोन ओळींची अदलाबदल केली, तर मोठ्या ट्रेसवर सरांच्या प्रोग्रामचा बरोबर अंदाजांचा आकडा माझ्या आकड्याशी एककापर्यंत जुळला.

"मंग आता काय करतं?" जोडीदारानं विचारलं. तिच्या जर्नलमध्ये चौऱ्याण्णव केव्हाच लिहून झालं होतं.

"सत्त्याऐंशी लिहिते."

"लिही ना बापा. पण उद्या सह्यांचा आखरी दिवस हाय. दाही प्रॅक्टिकलवर सह्या नसल्या तं परीक्षेले बसू देत नाई. सात टक्क्यासाठी वर्ष घालवतं काऊन?"

हे खरं होतं. भीतीही वाटत होती. पण सात टक्के माझे नव्हते आणि सरांचेही नव्हते, ते कुणाचेच नव्हते. चौऱ्याण्णवचा आकडा मात्र लॅबबाहेर काचेच्या चौकटीत लागला होता, 'विभागाची उपलब्धी' या शीर्षकाखाली. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती यायची होती. कुंड्यांना गेरू लावून झाला होता. संगणकांवरची कोळशाची धूळसुद्धा पुसली होती, आणि चंद्रपुरात तिला फक्त समितीसाठीच हात लावतात.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझी जर्नल उघडली. ते पहिल्या सहा प्रॅक्टिकलवर न वाचता सह्या करत आले आणि सातव्या प्रॅक्टिकलवर थांबले.

"हे काय आहे?"

"आलेला निकाल आहे, सर."

"इतक्या बॅचचा चूक आणि मॅडमचा बरोबर?"

"इतक्या बॅचनी मोजला नाही सर, उतरवला."

लॅबमध्ये कोणी हसलं नाही. सरांनी पेनाला टोपण लावलं. मी म्हटलं, "सही नका करू. पण सहा ओळी पाहा."

मी फळ्यावर 'एक' लिहिला आणि जोडीदाराला उभं केलं. ती काउंटर. पहिल्यांदा तिनं आधी अंदाज सांगायचा, मग मी निकाल. ती म्हणाली, "नाई होत." मी म्हटलं, "झाली." तिनं एक पुसून दोन लिहिला. "आता होते." "नाही झाली." सहाही वेळा ती चुकली.

"आता सरांच्या पद्धतीनं," मी म्हटलं. "मी आधी निकाल सांगते, तू आकडा बदल, मग अंदाज सांग."

ती सहाही वेळा बरोबर आली. हातातलं डस्टर तिनं टेबलावर ठेवलं.

"सर, हे तं मी आयकूनच सांगून राह्यली. असं तं एटापल्लीची बस कधी येते, तेही मले सांगता येते. आल्यावर."

आता मात्र लोक हसले. सरांच्या कानशिलाला घाम आला होता, पण तो चंद्रपुरात कुणालाही येतो. ते म्हणाले, "टर्मवर्क म्हणजे संशोधन नव्हे. चौऱ्याण्णव लिही, सही घे."

"नाही, सर."

मी जर्नल उचलली नाही. ती त्यांच्या टेबलावर तशीच उघडी राहिली. जोडीदारानं स्वतःची जर्नल काढली, चौऱ्याण्णववर एक आडवी रेघ मारली, बाजूला सत्त्याऐंशी लिहिलं आणि ती माझ्या जर्नलवर ठेवली. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. जागेवर येऊन ती एवढंच पुटपुटली, "आता दोघीही बोंबलू."

दोन मुलींना एकाच प्रॅक्टिकलपायी परीक्षेला बसू दिलं नाही, तर कारण कागदावर लिहावं लागतं. आणि कारण लिहायचं म्हणजे त्या दोन ओळी लिहायच्या. सरांना हे आमच्या आधी कळलं असावं. पाच वाजता, लॅबला कुलूप लागायच्या वेळी, त्यांनी दोन्ही जर्नल परत दिल्या. सह्या होत्या, पास होण्यापुरते गुण होते, आणि खाली लाल शाईत शेरा: 'अपेक्षित निकालाशी जुळत नाही.'

समिती आली. चौकटीसमोर उभी राहिली. एका पाहुण्यांनी मान डोलावली आणि सगळे चहाला गेले.

आमच्या जर्नल बाहेरच्या परीक्षकांकडे जायच्या होत्या. जमा करण्याआधी मी लाल शेऱ्याखाली तो सहा ओळींचा ट्रेस लिहिला, कागदावरचं उत्तर लिहिलं, आणि नमुन्याच्या प्रोग्राममधल्या कोणत्या दोन ओळी उलट्या आहेत, त्यांचे क्रमांक घातले. खाली माझा हजेरी क्रमांक टाकला. जोडीदारानं ते वाचलं आणि पेन मागितलं.