आवणीची रजा

आमच्या कंपनीत रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागे. मला त्या नियमाचा राग येतो, पण त्याहून जास्त राग येतो तो मी तो नियम एकदा तंतोतंत पाळला याचा.

मी सातपूरच्या बाजूला एका कारखान्यात लेथवर होतो. गाव घोटीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. घरी आई, मोठा भाऊ आणि वहिनी. जमीन सगळी भाताची. आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, मजूर लावून होत नाही. सावडीवर होते. चार घरांची आमची सावड होती. आज या घराची आवणी, उद्या त्या घराची, प्रत्येक घरातून चार माणसं. माणसाला माणूस. आमच्या घरातलं चौथं माणूस मी. मी गेलो नाही तर इतर घरं तोंडावर काही बोलत नसत, पण आमच्या दिवशी त्यांच्याकडूनही तीनच माणसं येत. त्यांचं काही चुकत नव्हतं.

त्या वर्षी, नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे, मी जूनमध्येच पर्सोनेलच्या साहेबांकडे गेलो. शांत माणूस. कधी आवाज चढवायचे नाहीत, सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मी म्हणालो, "साहेब, जुलैत आवणीला पाच दिवस लागतील. तारीख आत्ता सांगता येत नाही."

"तारखेशिवाय रजा कशी मंजूर करू?"

"रोप वीस-पंचवीस दिवसांचं व्हायला लागतं साहेब, आणि खाचरात पाणी साचायला लागतं. दोन्ही जुळलं की मग दोन दिवसांत सुरू करावं लागतं."

"तुम्ही अंदाजाने तारीख टाका," ते म्हणाले. "शेतकऱ्यांना अंदाज असतो."

हे ते मला चिडवायला नव्हते म्हणाले. खरंच त्यांना तसं वाटत होतं. मी भावाला विचारून तारीख टाकली. अर्ज पंधरा नाही, सतरा दिवस आधी दिला. सुपरवायझरची सही, साहेबांची सही, पाच दिवसांची भरपगारी रजा मंजूर. मला इतका आनंद झाला की कँटीनमध्ये मी दोघांना चहा पाजला.

गावी गेलो आणि पाऊस दडी मारून बसला. खाचरातली माती भेगाळली होती. राबावरचं, म्हणजे भाजणीच्या वाफ्यातलं, रोप हातभर वाढलेलं, शेंड्याला पिवळं पडायला लागलेलं. पाच दिवस मी बांध नीट केले, गोठ्याचं छप्पर शाकारलं, आणि दिवसातून दहा वेळा आभाळाकडे बघितलं. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "तू जा परत. रजा वाया नको घालू." मी म्हणालो, "रजा परत देता येत नाही आई." तिला ते कळेना. न वापरलेली वस्तू दुकानदारसुद्धा परत घेतो, तिचं म्हणणं.

मी कामावर हजर झालो आणि तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. एक रात्र आणि एक दिवस. दुपारी माझ्या खोलीखालच्या किराणा दुकानात भावाचा फोन आला, घोटीच्या एसटीडी बूथवरून. संध्याकाळी दुकानदाराने निरोप दिला: "परवापासून आवणी. पहिलं घर वरच्या आळीचं. आपलं शेवटचं. ये."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी सुपरवायझरसमोर उभा राहिलो. हा माणूस निफाडकडचा, घरची द्राक्षबाग. दरवर्षी छाटणीच्या आणि काढणीच्या वेळी त्याच्या घरात कोणाचं तरी लग्न निघायचं. सगळ्या मशीन शॉपला ते माहीत होतं.

"अरे, आत्ताच तर पाच दिवस जाऊन आलास."

"पाऊस नव्हता. कामच झालं नाही."

"मग त्याला मी काय करू? कंपनीने पाऊस पाडायचा का?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक काम कर. इथून काही मागूच नको. घरी जा, दोन दिवसांनी डॉक्टरचा दाखला पाठव. ताप आला म्हण. आजारपणाची रजा शिल्लक आहे ना तुझी?"

"मला ताप आलेला नाही."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याचा अपमान केला. कदाचित केलाही असेल. "मग अर्ज दे आणि नामंजूर करून घे," तो म्हणाला.

मी अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: भाताची आवणी. साहेबांनी वाचला, माझं रजेचं कार्ड काढलं. "तुमची पंधरा दिवसांची मुदत भरत नाही. शिवाय याच कारणासाठी रजा नुकतीच दिली आहे. डिस्पॅचचं प्रेशर आहे." कोपऱ्यात लाल शाईने 'नामंजूर' लिहिलं. मी विचारलं, "साहेब, लग्नाच्या आदल्या दिवशी कोणी अर्ज दिला तर?"

"लग्न ही वेगळी गोष्ट आहे."

का वेगळी, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. ते न विचारल्याचा राग मला आजही आहे.

शिफ्ट संपवून मी थेट स्टँडवर गेलो. घोटीची एसटी, तिथून जीप. गावी पाच दिवस राहिलो. त्यातला शनिवार आमच्या साप्ताहिक सुट्टीचा, म्हणजे गैरहजेरी चार दिवसांची. चारही घरांची आवणी झाली. मी रोप उपटून मुठी बांधायचो, चिखलातून वाहून न्यायचो. भाऊ औत हाकायचा. आई आणि वहिनी बायकांच्या रांगेत वाकलेल्या. अंगावर घोंगडी, पाठीवर पाऊस, पिंढऱ्यांना गोळे. कोणी रजेबद्दल विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कामात राग कमी होतो म्हणतात. माझा झाला नाही. प्रत्येक मूठ उपटताना तो लाल शब्द दिसायचा.

परत आलो तर गेटवरच पंच कार्ड अडवलेलं. आठवड्याने आरोपपत्र हातात पडलं: रजा नामंजूर झाल्याचे माहीत असूनही विनापरवानगी गैरहजर राहणे. अर्जच दिला नसता, तर गुन्हा हलका ठरला असता. म्हणजे विचारलं हाच माझा गुन्हा वाढवणारा भाग होता.

चौकशी लांबत गेली. चौकशी अधिकारी बाहेरचे वकील, त्यांना वेळ मिळेल तेव्हा तारीख. माझ्या बाजूने युनियनचा प्रतिनिधी बसायचा. चांगला माणूस, माझ्यासाठी धडपडत होता. पहिल्याच तारखेच्या आधी जिन्यात त्याने मला थांबवलं.

"आई आजारी होती म्हण. मी बाकीचं बघतो."

"आई चिखलात उभी होती. धडधाकट."

"अरे बाबा, मला माहीत आहे! पण कागदावर आवणीला रकाना नाही. आजाराला आहे."

आत वकिलांनी विचारलं, "तुम्ही त्या चार दिवसांत कुठे होता?"

"शेतात. आवणी करत होतो."

"एखादी आकस्मिक अडचण?"

"पाऊस आला."

ते लिहून घेणाऱ्या टायपिस्टने मान वर केली. प्रतिनिधीने डोळे मिटले. मी अर्जाची प्रत पुढे केली आणि म्हणालो की मी खोटं काही सांगितलेलं नाही, हवं तर माझ्या खात्यातून आणखी पाच दिवसांची रजा कापा, पण मी चोरी केल्यासारखं मला बसवू नका. आवाज चढला होता. वकील सभ्यपणे म्हणाले, "हे नोंदवायची गरज नाही."

निकाल दिवाळीच्या सुमारास लागला. आरोप सिद्ध. शिक्षा चार दिवस निलंबन, बिनपगारी. आणि तारखा बघून सगळी शॉप हसायला लागली, कारण ते दिवस नेमके सोंगणीचे होते. गावात भात पिकून उभं होतं, दाणे झडायला लागले होते. "साहेबांनी कापणीची रजा दिली की रे तुला!" लेथवरचा शेजारी ओरडला. सुपरवायझरसुद्धा हसला. गावी गेलो तर भाऊही हसला. "बरं झालं आलास. नाय तर उद्या माणूस शोधावा लागला आसता."

मी विळा घेतला आणि चार दिवस सोंगणी केली. भात उत्तम आलं होतं. माझ्या हाताला काम होतं, घरचे खूश होते, पाऊस नव्हता. आणि मी आतून उकळत होतो. ज्या कामासाठी मी सरळ तोंडाने रजा मागितली तेव्हा मिळाली नाही, तेच काम शिक्षा म्हणून मिळालं होतं, आणि ते गमतीदार आहे असं माझ्याखेरीज सगळ्यांना वाटत होतं. दुसऱ्या दिवशी बांधावर जेवताना आई म्हणाली, "भाकरीवर कशाला राग काढतो?" मी तिला निलंबन म्हणजे काय ते पहिल्यांदाच सांगितलं. तिने माझ्या भाकरीवर आणखी चटणी वाढली. मग म्हणाली, "तू खोटं नाय बोलला, म्हून शिक्षा?"

"हो."

"मग त्यांना खोटं बोललेलं पाहिजे हाय तर."

पुढच्या करारात युनियनने माझ्यावरूनच एक मागणी घातली: शेतकरी कामगारांना पेरणी-कापणीसाठी दोन दिवसांच्या सूचनेवर रजा. कंपनीत निम्मे लोक सिन्नर, दिंडोरी, इगतपुरीकडचे. मला वाटलं, आता होईल. शेवटच्या बैठकीत ती मागणी सोडून दिली गेली. प्रतिनिधी म्हणाला, द्यायला-घ्यायला काहीतरी लागतं. मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही. त्याचा काही दोष नव्हता हे कळायला मला फार उशीर झाला.

पुढच्या जुलैत किराणा दुकानात भावाचा फोन आला तेव्हा मी पर्सोनेलला गेलोच नाही. थेट गावी गेलो, आणि आवणी उरकून तिकडच्याच एका डॉक्टरकडून दाखला आणला. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, चिखलाने सुरकुतलेल्या बोटांकडे, आणि काही न विचारता लिहिलं: ताप, अंगदुखी, पाच दिवस विश्रांती. त्यानंतर दोन हजार साल उलटून गेलं, मी ऑपरेटरचा सीनियर ऑपरेटर झालो, दरवर्षी जुलैत मला ताप येत राहिला. एकदाही कोणी शंका घेतली नाही. एकदाही पंधरा दिवस आधी कळवायला सांगितलं नाही.

असाच एकदा परत आलो, तर पॅसेजमध्ये तेच साहेब भेटले. केस पांढरे झाले होते. थांबून आपुलकीने म्हणाले, "आता बरं वाटतंय ना? जपा तब्येतीला."

मी म्हणालो, "हो साहेब, आता बरं आहे." आणि मशिनवर जाऊन उभा राहिलो. घडवायचा तुकडा लेथच्या चकमध्ये पकडला, पण डोळ्यांपुढे तो लाल शाईतला शब्द आला, आणि पहिला कट मला दुसऱ्याला घ्यायला सांगावा लागला.