राखून ठेवायच्या रेषा

नातवंडांनो, व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजीच्या जेवणाच्या टेबलावर एवढी मोठी लाकडी पाटी कशाला, आणि आजी ताट मांडीवर घेऊन का जेवते. तेव्हा मी हसून विषय बदलला, कारण ती पोरगी मागेच बसली होती. आता सगळं सांगते. सांगताना मला राग येणार आहे, तो तुमच्यावर नाही.

ती म्हणजे तुमच्या आजोबांच्या पुतण्याची मुलगी, बाळापूरची. इथे अमरावतीला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला आहे आणि माझ्याकडे राहते. बाकी विषय तिचे नीट सुटले, पण पहिल्या वर्षाचा ड्रॉइंगचा पेपर राहिला. पुन्हा दिला, पुन्हा राहिला. तो सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही. तिच्या बापाने फोनवर मला स्वच्छ सांगितलं, "काकू, यंदा निघाला तं निघाला. वर्षभर तिले घरी बसवून पेपर देत राहणं मले नाई जमत." म्हणजे शिक्षण बंद.

म्हणून तिला क्लास लावला. एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दर रविवारी तिथे वेळ लावून शीट काढायची, सर तपासून मार्क देणार. मापांची अचूकता, रेषा, नीटनेटकेपणा, असे वेगवेगळे रकाने. मला पद्धत आवडली. तुम्हाला ठाऊक आहे, मला वस्तू जागच्या जागी लागतात. ती टेबलावरच्या त्या पाटीवर शीट ताणून चारी कोपऱ्यांना क्लिपा लावायची, ड्राफ्टर, म्हणजे रेषा मारायची सरकती पट्टी, फडक्याने पुसायची, हाताखाली रुमाल घ्यायची की शिसं पसरू नये. ते बघत बसायला मला बरं वाटायचं.

क्लासात तिला मार्कही चांगले पडू लागले. नीटनेटकेपणात तर जवळजवळ पूर्ण. सरांनी तिची एक शीट भिंतीवर लावली. मी फोन करून तिच्या बापाला ते सांगितलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी ती घरीच जुना पेपर सोडवायला बसली आणि मला म्हणाली, "आजी, तुमी घड्याळ पाहा." प्रश्न लंबवर्तुळाचा होता. एका मध्याभोवती दोन वर्तुळं काढायची, एक मोठं, एक लहान. दोन्हीचे सारखे भाग पाडायचे. मोठ्यावरच्या बिंदूंतून उभ्या रेषा, लहानावरच्या बिंदूंतून आडव्या, आणि त्या जिथे मिळतात ते बिंदू हाताने जोडत जायचे. या मदतीच्या रेषा कठीण पेन्सिलीने, अगदी फिक्या. शेवटचं लंबवर्तुळ गडद. मी जन्मभर इंग्रजी शिकवणारी, गणितात मला कधी गती नव्हती, पण ते कागदावर उमटताना पाहून मीही खूश झाले.

आणि वेळ संपत आली तशी तिने खोडरबर घेतलं. वर्तुळं पुसली. उभ्या, आडव्या सगळ्या रेषा पुसल्या. पुसताना लंबवर्तुळही जागोजागी फिकं पडलं, ते पुन्हा गिरवत बसली. पुढचा प्रश्न तसाच राहिला.

"हे काय करून राहिली तू?"

"सर म्हणतेत, शीट स्वच्छ पाहिजे. नाईतर नीटनेटकेपणाचे मार्क जातेत."

मी पेपर हातात घेतला. वर सूचना छापलेल्या होत्या. त्यातली एक होती, रिटेन ऑल कन्स्ट्रक्शन लाइन्स. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"याचा अर्थ काय?"

"पुन्हा काढा," ती म्हणाली. "रिटेस्ट, रिचेक असते ना, तसं रिटेन. मी दोन्ही वेळा सगळ्या लाइनी पुन्हा गडद केल्या होत्या, तरी नापास. क्लासात पह्यल्याच दिवशी सर म्हणाले, हे काय जाळं विणलं, पूस सारं. तवापासून पुसते."

पोरगी मराठी शाळेत शिकलेली. तिचा मला राग आला नाही. राग याचा आला, की एवढ्या रविवारी एवढ्या शीटा तपासणाऱ्या माणसाने एकदाही विचारलं नाही, तू हे जाळं का विणलंस. रिटेन म्हणजे राखून ठेवा, आणि कन्स्ट्रक्शन लाइन्स म्हणजे त्याच मदतीच्या रेषा. फिक्याच ठेवा, पण ठेवा, म्हणजे तपासणाऱ्याला दिसेल की लंबवर्तुळ पद्धतीने आलं, अंदाजाने नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी क्लासात गेले. जिना चढताना गुडघा दुखत होता, त्याने राग वाढलाच. सर तरुण, बोलायला गोड. मला बसायला खुर्ची दिली.

"आजी, तुमी इंग्रजीवाल्या. ड्रॉइंगचं आमच्यावर सोडा ना."

"इंग्रजीच वाचून दाखवायला आले," मी म्हटलं आणि ती ओळ वाचली.

ते हसले. "ते लिहिलेलं असतेच. पण ही पोरं एवढा घाण कागद करतेत की काय सांगू. पुसायला लावलं की निदान पाह्यासारखं दिसते."

"म्हणजे मार्क तुमच्या डोळ्यांच्या सोयीचे."

"तसं नाई जी."

भिंतीवर लावलेली तिची शीट मी खाली काढायला लावली आणि तिला म्हटलं, मोज. तिने डिव्हायडर लावला. लंबवर्तुळाचा मोठा अक्ष मापाला कमी भरला, पुसून पुन्हा गिरवताना टोक आत सरकलं होतं. अचूकतेच्या रकान्यात मात्र सरांची बरोबरची खूण.

"एवढ्या शीटा असतेत," सर म्हणाले. "एकेक कोण मोजते?"

"मग तो रकाना कशाला?"

जिना उतरताना ती मला म्हणाली, "आजी, लय बोलल्या तुमी. आता ते मले क्लासात टोमणे मारतीन." मी म्हटलं, मारू देत. खरं तर तिचं बरोबर होतं. टोमणे तिला खायचे होते, मला नाही.

पुढच्या रविवारी तिने रेषा ठेवल्या. सरांनी शीट सगळ्यांसमोर उचलून विचारलं, "हे इंग्लिश मीडियमचं ड्रॉइंग काय?" पोरं हसली. नीटनेटकेपणात मार्क कापले. ती घरी आली, जेवली नाही, आणि म्हणाली की पुढच्या रविवारीही ठेवीन. तसंच केलं, परीक्षेपर्यंत. फिक्या रेषा आणखी फिक्या करायला शिकली, पेन्सिलीला टोक सतत ठेवायला शिकली. खोडरबर फक्त चुकीला. वाचलेल्या वेळात शेवटचा प्रश्न पुरा होऊ लागला. मापं आम्ही टेबलावर तपासायचो, ती डिव्हायडरने आणि मी चष्मा लावून.

पेपर निघाला. तिसऱ्या वर्षाचा प्रवेश झाला.

तिचा बाप बाळापूरहून पेढ्यांचे दोन डबे घेऊन आला. एक माझ्या हातात ठेवला आणि दुसरा घेऊन सरळ क्लासात गेला, सरांच्या पाया पडायला. मी नको म्हटलं तर म्हणाला, "काकू, शेवटी त्यायनंच शिकवलं ना." काल चौकात क्लासचं फ्लेक्स लागलं. त्यावर तिचा फोटो, खाली लिहिलंय, अचूकता हीच आमची ओळख. मी रिक्षा थांबवून ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. फ्लेक्स उतरवायला लावते म्हणाले, तर ही शेजारी बसलेली मान वाकडी करून स्वतःचा फोटो बघत होती.

"राहू द्या ना, आजी," ती म्हणाली. "फोटो तं चांगला आला."

मी रिक्षावाल्याला पुढे चल म्हटलं. घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.