सरांच्या अर्जाला लावलेला आमचा कागद

सरांनी बदलीचा अर्ज लिहिला तेव्हा तो पहिल्यांदा वाचून दाखवला मला. मी सातवीतून शाळा सोडलेली, शाळेत खिचडी शिजवणारी बाई. पण सरांची सवयच तशी होती. काहीही लिहिलं की पलीकडच्या माणसाला ऐकवायचं आणि विचारायचं, कुठं उद्धट तर वाटत नाही ना?

मी तांदूळ निवडत होते. सर दारात उभे राहून वाचत होते. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अत्यंत नम्रपणे विनंती करतो की, आणि पुढं पुन्हा नम्रपणे, आणि त्याच्या पुढं आपल्या बहुमोल वेळातून. पान संपलं तरी माणसाला काय हवंय ते येईना. मी भीत भीत म्हटलं, सर, अर्ज लई गोड झालाय, पण तुम्हाला कुठं जायचंय ते कुठंय? सरांनी कागद उलटसुलट पाहिला. ते राहिलंच होतं.

जायचं होतं पाटोद्याकडं. तिथं त्यांचं घर, आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं सरांच्या पत्नी एकट्या करत होत्या. सर आमच्या गावात, शिरूर कासारच्या पार आडबाजूला, एका खोलीत राहायचे आणि शनिवारी मोटरसायकलनं घरी जायचे. गेल्या साली त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, वजन उचलणं बंद केलं, आणि मोटरसायकलवर एवढा खडखडाट नको म्हणून सांगितलं. म्हणून हा अर्ज.

माझी गोष्ट वेगळी. माझं माहेर कृष्णाकाठचं. पाण्यातली मी इथं आले ती ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या एका पोराशी लग्न करून. तो दरसाल परत माझ्याच माहेराकडं ऊस तोडायला जातो आणि मी इथं, त्याच्या गावात. पोरगी लहान असताना मी काय करावं ते समजत नव्हतं. सरांनीच शाळेच्या समितीपुढं खिचडीच्या कामाला माझं नाव सुचवलं आणि चुलीशी उभं केलं. सर जाणार म्हटल्यावर रडू यायला हवं होतं. पण मला काळजी लागली ती अर्जाचीच. मंजूर नाही झाला तर हा माणूस मोटरसायकलवर कुठंतरी छातीला हात लावून बसेल, असं रोज डोळ्यांपुढं यायचं.

बदल्या आता ऑनलाइन होतात. पण सरांसारख्या ऑपरेशन झालेल्यांना आधी नंबर मिळतो, आणि त्यासाठी कागद तालुक्याला गटशिक्षणाधिकारी कार्यालयात तपासून घ्यावे लागतात. सरांनी अर्जामागं सगळं लावलं होतं. बीडच्या जिल्हा शल्य चिकित्सकांचं प्रमाणपत्र, दवाखान्यातून सोडल्याचा कागद, वैद्यकीय रजेचा मंजुरी आदेश, पुन्हा हजर होताना दिलेला फिटनेसचा दाखला, आईच्या उपचाराचे कागद. प्रत्येक झेरॉक्सवर सही, शेवटी सहपत्रांची यादी. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, पुढं पाठवला. केंद्रप्रमुखांची सही झाली. सगळं सुरळीत होतं. इथवर गावानं काही केलं नव्हतं, म्हणून.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष मेंढरंवाले. त्यांची धाकटी तिसरीत. त्यांना सरांविषयी भारी माया, कारण त्या पोरीला सरांनी गणितात आणलं होतं आणि ती आता बापाला विचारायची, शंभर मेंढरांतली लांडग्यानं चार नेली तर किती उरली. ते म्हणाले, एवढा मोठा अर्ज चाललाय आणि गावाचा एक कागद न्हाई त्याला, बरं दिसतंय का? मोठ्या बाई प्रशिक्षणाला गेलेल्या. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, असा कागद लागत नाही. नव्हत्या, म्हणून कुणी म्हणालं नाही.

गावाच्या डोक्यात बदली म्हणजे बक्षीस. माणूस जितका गुणी तितकी त्याला हवी ती शाळा लवकर मिळणार, असं साधं गणित. अध्यक्ष शिरूरला फ्लेक्सच्या दुकानात गेले आणि सरांसाठी चांगला कागद काढून द्या म्हणाले. दुकानदारानं निवृत्तीच्या मानपत्राचा नमुना उघडला, अध्यक्षांनी वर भर घातली. मग कागद सह्यांसाठी माळावर आला. समितीत मी पण आहे, पालक म्हणून. मेंढरांच्या घोळक्यात, एका कोकराला कोपरानं ढकलत, मी सही केली. मथळा वाचला, वेलबुट्टीची किनार बघितली आणि भरून आलं. एवढ्यात कोकरानं कागदाचा खालचा कोपरा खाल्ला. अध्यक्ष म्हणाले, जाऊ द्या, तिथं काय लिहिलेलं न्हाई. आणि सरांना आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून स्वतः जाऊन कार्यालयात आवक करून, शिक्का घेऊन आले.

काही दिवसांनी सरांना फोन आला. तुमच्या कागदांत तफावत आहे, खुलासा करा. सरांचा चेहरा उतरला. मुदत जवळ आलेली, पडताळणी नाही झाली तर नाव पुढं सरकणार नाही आणि वर्ष वाया. सर कधी कुणावर ओरडत नाहीत. त्यांनी अध्यक्षांना एवढंच विचारलं की आपण काही दिलंय का. अध्यक्ष खुशीत म्हणाले, दिलंय की.

आम्ही तिघं निघालो. मी कशाला, तर सही केली होती म्हणून. खरं तर मला धास्ती होती ती वेगळ्याच कारणानं. गटशिक्षणाधिकारी मॅडम गेल्या हिवाळ्यात शाळेला भेट द्यायला आल्या होत्या, पोरांच्या पंगतीत बसून खिचडी खाल्ली होती आणि शेरेवहीत लिहून गेल्या होत्या की आहार बेचव आहे, मिठाकडं लक्ष द्यावं. तेव्हापासून मला रोज वाटायचं की आज आपलं काम जाणार. आणि आता मी स्वतःच्या पायानं त्यांच्या पुढ्यात चालले होते.

मॅडमनी क्लार्कला आमचा कागद वाचायला लावला. क्लार्कनं चष्मा वर केला आणि आवाज लावून वाचलं, सभेत वाचावं तसं. सरांनी आमच्या गावी आल्यापासून एक दिवसही रजा घेतलेली नाही. सरांची तब्येत वज्रासारखी आहे. वृक्षारोपणाला सर्वांत खोल खड्डे सर खोदतात. स्वातंत्र्यदिनाच्या रस्सीखेचीत सरांनी एकट्यानं अर्धं गाव ओढलं. अशा निरोगी माणसाला हवी ती शाळा मिळावी.

कोकरानं खाल्लेला कोपरा क्लार्कनं दोन बोटांनी धरला होता.

मॅडमनी सरांकडं पाहिलं. सर टेबलाकडं पाहत होते. मॅडम म्हणाल्या, "रजेचा आदेश तुम्हीच जोडलाय. आणि गाव म्हणतंय एक दिवस रजा नाही. मी खरं काय धरू?"

सर म्हणाले, मॅडम, रस्सीखेचीत मी शिट्टी वाजवत होतो. एवढंच म्हणाले. आमच्यावर बोट ठेवायला तो माणूस तयारच नव्हता.

अध्यक्ष म्हणाले, थांबा मॅडम, आत्ता दुरुस्त करून आणतो. आणि सर नको नको म्हणत असताना मला घेऊन बाहेर पडले. दुकान समोरच होतं. मी वाटेत म्हटलं, दाजी, नका करू घाई, मला भ्या वाटतंय. ते म्हणाले, "वहिनी, कावून भेता? पैला कागद लई चांगला झाला, म्हणून बिघडलं. आता लई वाईट करू."

दुसरा कागद तसाच झाला. सरांना उठवत नाही. फळ्यापर्यंत जाताना तीनदा बसतात. पोरंच त्यांना वर्गात धरून आणतात. मी सही केली, कारण अध्यक्ष पुढं चालले होते आणि दुकानदार म्हणत होता, किनार पाहिजे का.

मॅडमनी तो वाचला आणि कागद खाली ठेवला. म्हणाल्या, हे खरं असेल तर मला यांची बदली नाही, पुन्हा वैद्यकीय तपासणी करायला लागेल. नोकरी करण्याजोगे आहेत का, इथूनच सुरुवात. सरांनी कपाळाचा घाम पुसला. आता ते खरंच आजारी दिसायला लागले होते. अध्यक्ष मला हळूच म्हणाले, तिसरा काढू का?

तेव्हा मी बोलले. मला आजही कळत नाही, कुठून आलं. मी म्हटलं, "मॅडम, दोन्ही कागद आमचे न्हाईत खरे. खरं मला म्हाईत हाय. गेल्या हिवाळ्यात खिचडी अळणी होती, ती सरांमुळं."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. मग मी सगळंच सांगितलं. सर दवाखान्यातून आले, मीठ बंद. घरचं कुणी नाही, दुपारचं जेवण शाळेच्या खिचडीतच. त्यांच्यासाठी वेगळं करते म्हटलं तर नको म्हणाले, पोरांच्या वाट्यातला वेळ जातो. मग मी घाबरून सगळ्या पातेल्याचंच मीठ कमी केलं. थोडं थोडं करत शेवटी सगळंच गेलं. पोरं घरून पुड्यांत मीठ आणायची. सरांना वाटायचं, सगळ्या जगाचीच चव गेली. तुम्ही लिहून गेलात तेव्हा सरांनी मला विचारलं आणि मी सांगितलं, मिठाचा पुडा ओला झाला होता.

सर माझ्याकडं वळून पाहत होते. हे त्यांनाही नवीन होतं.

क्लार्क खाली बघून खोकत होता. मॅडमना शेरेवहीतलं आठवलं असावं, कारण त्यांनी ओठ दाबले. मग म्हणाल्या, "बाई, सहा घास मी पाण्याबरोबर गिळले होते. यांचं ऑपरेशन झालंय याची मला आता दुसरी साक्ष नको." अध्यक्षांकडं वळून म्हणाल्या की समितीचं पत्र या अर्जाला लागतच नाही, लागतं ते शल्य चिकित्सकांचं, आणि ते जोडलेलं आहे. तुम्ही फक्त दोन्ही पत्रं मागे घेत असल्याचं एका ओळीत लिहून द्या. आणि त्या ओळीत कौतुक नको.

ती ओळ सरांनीच सांगितली आणि अध्यक्षांनी लिहिली. तरी त्यांनी विचारलं, पुढं सविनय लिहू का. सर म्हणाले, लिहा. क्लार्कनं मूळ कागद सरांच्या झेरॉक्सशी एकेक करून जुळवले आणि पडताळणीचा शिक्का मारला.

मला जाताना मॅडमनी थांबवलं. वाटलं, आता आपलं काम गेलं. त्या म्हणाल्या, त्यांची वाटी वेगळी काढायची आणि पोरांना मीठ घालायचं. बस्स एवढंच. मी मान हलवली ती एसटी स्टँडपर्यंत हलतच होती.

यादीत सरांना पाटोद्याजवळची शाळा मिळाली. घरून सकाळी निघून संध्याकाळी परत, रस्ता बरा. कार्यमुक्त झाले त्या दिवशी गावानं नारळ, शाल दिली. आणि अध्यक्षांनी पहिला कागद, तो वज्राच्या तब्येतीचा, लॅमिनेशन करून पुढं केला. कार्यालयानं परत दिला होता. कोकरानं खाल्लेला कोपरा तसाच, प्लास्टिकच्या आत. अध्यक्ष म्हणाले, मानपत्रच होतं ते मुळात, चुकून हापिसात गेलतं.

सरांनी तो पूर्ण वाचला. रस्सीखेचीपाशी आल्यावर हसू आवरेना, तर छातीवर हात ठेवला. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. सर म्हणाले, काही नाही, हसतोय. मग अत्यंत नम्रपणे त्यांनी अध्यक्षांना विनंती केली की आपण याची दुसरी प्रत पाटोद्याला पाठवू नये.

त्या दिवशी खिचडीत मी मीठ बरोबर घातलं होतं. सरांची वाटी तेवढी वेगळी होती. त्यांनी ती संपवली, पोरांच्या ताटांकडं एकदा पाहिलं; आज एकाही ताटाशी मिठाची पुडी नव्हती.