बेड अकरावरचा टँकर

चतुराबाईंची जीभ तिखट, आणि त्याचा त्यांना अभिमान होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. औरंगाबादच्या एका सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात त्या तेवीस वर्षं मावशी होत्या. बेडपॅन द्यायचं, चादरी बदलायच्या, स्ट्रेचर ढकलायचं. पण वॉर्डात खरं राज्य त्यांच्या शब्दांचं. नवा डॉक्टर आला की आठवड्याभरात औषधांच्या नावांबरोबर चतुराबाईंचे शब्दही शिकायचा.

पेशंटभोवती बारा नातेवाईक जमले, की "बेड नऊला शहागंजचा बाजार भरलाय." पुढाऱ्याच्या फोनवर भरती झालेली बाई म्हणजे "जावई". आणि कुणी गेलं, तर "वरच्या मजल्यावर हलवलं." वॉर्डाची इमारत बैठी होती. वरचा मजला नव्हताच.

हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा तिथं काम करून पाहावं. चाळीस खाटा, सत्तर बायका, निम्म्या जमिनीवर. शेजारची बाई गेली हे मोठ्यानं सांगितलं, तर बाकीच्यांच्या उरात धडकी भरते. म्हणून वरचा मजला. एकदा जळालेली एकोणीस वर्षांची मुलगी दोन दिवस झुंजून गेली. हेडसिस्टर भानुमतीबाई पँट्रीत भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. तेव्हा चतुराबाई चहा ओतत म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर तरी पंखा चालू असंल, सिस्टर." भानुमतीबाई हसल्या, मग रडल्या, मग तोंड धुऊन पुढच्या खाटेकडं गेल्या. त्या हसण्यात त्या मुलीचा अपमान नव्हता. हात चालू राहावेत म्हणून ते हसणं होतं.

मग दुष्काळाचं ते साल आलं. शहराच्या चारी बाजूंनी नव्या कॉलन्या उठत होत्या, बिडकीनकडं कारखान्यांसाठी जमिनी सपाट होत होत्या, आणि गावंच्या गावं कामासाठी शहरात उतरत होती. वॉर्डातल्या खाटा मात्र तेवढ्याच. रोज दहा-पंधरा बाया यायच्या: चक्कर येते, अंग गळून जातं, काही सुधरत नाही. तपासावं तर काही सापडायचं नाही. सलाईन लावलं, दोन वेळचं जेवण मिळालं, की बाई ताजीतवानी. एके सकाळी अशा चार जणी ओळीनं पाहून चतुराबाई म्हणाल्या, "आल्या टँकर भरायला." वॉर्ड पोट धरून हसला.

हा शब्द आधीच्या शब्दांसारखा नव्हता, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आधीचे शब्द मरणावर होते, गर्दीवर होते, पुढाऱ्यांवर होते. हा शब्द म्हणत होता, ही बाई खोटं बोलते.

शब्द चालायला लागला. सकाळी आठला ड्यूटी बदलताना डॉक्टर आणि सिस्टर खाटेखाटेनं फिरत एकमेकांना पेशंट सोपवतात. तिथं "बेड सहा, टँकर" एवढं म्हटलं की भागायचं. लांबलचक सांगणं टळायचं. पुढं तेवढीही तसदी नको म्हणून केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं छोटा गोल काढायची पद्धत पडली. गोल दिसला की पुढचा डॉक्टर समजून जायचा: एक बाटली, संध्याकाळी सुट्टी. हात लावून पाहायची गरज नाही. थट्टेचं निदान कधी झालं, कुणाला कळलंही नाही.

मार्चमध्ये सिल्लोडकडच्या एका खेड्यातून सरूबाई गव्हाणे आली. वय पंचावन्नच्या आसपास. गळून गेलेली, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जळजळ. भरती करून घेणाऱ्या डॉक्टरनं ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि कोपऱ्यात गोल काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी हिमांशू नावाच्या शिकाऊ डॉक्टरला ती सोपवली गेली. "अकरा, टँकर. बाटली संपली की दुसरी." सगळे हसले. हसणाऱ्यांत चतुराबाईही होत्या.

अकराच्या सुमाराला चादर बदलायला त्या अकरा नंबरच्या खाटेवर गेल्या. सरूबाई पाय खाली सोडून, उशी पोटाशी धरून बसली होती. "आडवं व्हा," म्हटलं तर मान हलवली. आडवं झालं की दम कोंडतो. कपाळावर घाम, हात लावला तर गार. बारीक खोकला. दुसरी बाटली निम्मी आत गेली होती. आडवं झाल्यावर गुदमरणारी माणसं चतुराबाईंनी तेवीस वर्षांत पुष्कळ पाहिली होती, आणि त्यांना पाणी चढवत नाहीत, हेही पाहिलं होतं.

त्या हिमांशूकडं गेल्या. "डॉक्टर, अकराला बघा. दम लागलाय."

तो सात पेशंटांची रक्तं काढत होता. मान वर न करता हसला. "टँकर भरला असेल, मावशी. तुमचाच माल आहे."

"थट्टा नाय करत मी."

"तुम्ही कधी थट्टा करत नाही, मावशी!"

आयुष्यभर हसवलं, आता खरं सांगितलं तर तेही हसण्यावारी जात होतं. चतुराबाई धावतच भानुमतीबाईंकडं गेल्या आणि त्यांचा हात धरून म्हणाल्या, "सिस्टर, माझ्यावर इश्वास ठेवा. बाई बुडायलीय."

भानुमतीबाईंनी आल्या आल्या सलाईन बंद केलं, खाट डोक्याकडून उंच केली, ऑक्सिजन लावला. हिमांशूनं छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्याचा चेहरा उतरला. फुप्फुसांत पाणी झालं होतं. ईसीजीची पट्टी निघाली. हार्ट अटॅक, तोही निदान दीड दिवसापूर्वीचा. दुबळ्या झालेल्या हृदयावर वॉर्डानं बाटल्या ओतल्या होत्या. लघवीवाटे पाणी काढायचं इंजेक्शन देऊन तिला हृदयविभागात हलवलं. हिमांशू त्या दुपारी खोडरबर घेऊन एकेका केसपेपरवरचे गोल पुसत बसला. पुसायच्या आधी प्रत्येकीला तपासत होता, हे मात्र सांगितलं पाहिजे.

सरूबाई वाचली. पण हृदय पूर्वीसारखं चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी भेटीच्या वेळेला चतुराबाई हृदयविभागात तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"छातीत दुखत नव्हतं का, बाई? सांगितलं कामून नाय?"

"दुखत व्हतं की. हात बी, जबडा बी. सांगनारच व्हते." सरूबाई थांबत थांबत बोलत होती. "तेवढ्यात ते डॉक्टर म्हनले, टँकर. समदे हसले. आमच्या गावाला चौथ्या दिशी टँकर येतो, बाई. मला कळंना व्हय? म्हनलं, आता जास्त बोललं तर म्हनतील, फुकटच्या पान्यापायी सोंग करती. मंग गप बसले."

पेशंटला कळत नाही, या भरवशावर चतुराबाईंचे सगळे शब्द उभे होते. आणि हा शब्द तर बाईच्या दारातलाच उचललेला. गप्प राहून निघून जाता आलं असतं. त्या निघाल्या नाहीत.

"त्यो शबुद माझा हाय. मीच काढला."

सरूबाईनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"आता काय म्हनत्यात मला?"

चतुराबाईंना खोटं बोलवेना. कालच मोठ्या डॉक्टरांनी पोरांना शिकवताना विचारलं होतं, "ती टँकरची केस पाहिली का?" सरूबाई आता धडा झाली होती, नाव तेच होतं.

"टँकरच म्हनत्यात, बाई. आता त्यो माझ्या हातात ऱ्हायला नाय."

"तुमी काढला, तुमीच मोडा," सरूबाई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

त्याच दुपारी दोनला बायकांच्या वॉर्डात ड्यूटी बदलली. सिस्टर आणि डॉक्टर खाटांमधून फिरत होते. कुणीतरी विचारलं, "त्या टँकरचं काय झालं?" मागं बादली घेऊन उभ्या असलेल्या चतुराबाई मोठ्यानं म्हणाल्या, "सरूबाई गव्हाणे नाव हाय तिचं."

मावशी काहीतरी नवीन काढतायत असं वाटून दोघं-तिघं हसले. हसणं थांबेपर्यंत चतुराबाई थांबल्या, आणि त्यांनी नाव परत सांगितलं.