तीन मागण्यांचा कागद

बाटल्यांच्या कारखान्यात ताई सव्वीस वर्षं बाटल्या तपासत होती. उजेडासमोर बाटली धरायची, तडा दिसला की बाजूला टाकायची. युनियनची सेक्रेटरी ती कशी झाली, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. सगळे भांडत होते आणि ती गप्प ऐकत होती, म्हणून बहुधा.

मागच्या वर्षी मॅनेजरशी झालेल्या वाटाघाटीत ती आणि युनियनचे बाकीचे दोघं प्रतिनिधी, एक भट्टीवाला आणि एक फिटर, पुरते तोंडघशी पडले होते. मॅनेजरनं सहज विचारलं, "यातली सगळ्यात महत्त्वाची मागणी कोणती?" तेव्हा भट्टीवाला आणि फिटर एकाच वेळी दोन वेगवेगळ्या गोष्टी बोलले. मॅनेजर गालात हसला आणि फाईल मिटून म्हणाला, "आधी तुमचं ठरवा."

म्हणून यंदा बैठकीच्या चार दिवस आधी, पहिली पाळी सुटल्यावर, ताईनं दोघांना युनियनच्या खोलीत बसवलं. सभासदांच्या सभेनं तीन मागण्या मंजूर केल्या होत्या: भट्टीवरच्यांना दर दोन तासांनी वीस मिनिटं विश्रांती, पाळ्यांचं वेळापत्रक दोन आठवडे आधी, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना कायमची पहिली पाळी.

"तिन्ही हव्यात. नाहीतर संप!" भट्टीवाल्यानं टेबलावर हात आपटला.

"संपाला किती जण येतील? मोजलेत?" फिटर म्हणाला. "तुझं आपलं उचलली जीभ, लावली टाळ्याला."

"तू बस एसीत पाना घेऊन! भट्टीसमोर उभा राहा एकदा."

ताईनं त्यांना मनसोक्त भांडू दिलं. दोघं दमल्यावर तिनं एकेक चिठ्ठी पुढे सरकवली. "काय मिळालं नाही तर सही करणार नाही, ते लिहा. आणि काय सोडायला तयार आहात, तेही. एकमेकांचं बघू नका."

तिच्या स्वतःच्या चिठ्ठीवर मात्र पेन अडलं. पन्नाशी तिनंही ओलांडली होती. तिची थोरली बहीण वर्षभरापासून वृद्धाश्रमात होती. तिला आता माणसं आठवेनाशी झाली होती. भेटायची वेळ चार ते सहा. दुपारी सुरू होणाऱ्या दुसऱ्या पाळीचा आठवडा आला की ताईला सहा दिवस जाता येत नसे, आणि सातव्या दिवशी बहीण तिला "आपण कोण?" विचारायची. कारखान्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर दोघांनी पहिल्या पाळीची मागणी लावून धरली असती, ती तिच्यासाठी म्हणून. ते तिला नको होतं.

गेल्या उन्हाळ्यात भट्टीपुढे दोन माणसं चक्कर येऊन कोसळली होती. ताईनं लिहिलं: विश्रांतीशिवाय सही नाही. सोडायची वेळ आली तर पहिली पाळी.

चिठ्ठ्या उघडल्या. विश्रांती तिघांच्याही चिठ्ठीत होती. फिटरला वेळापत्रक सोडवत नव्हतं, पण दोन आठवड्यांऐवजी दहा दिवस त्याला चालणार होते. भट्टीवाला खूप कुरकुरला आणि शेवटी वीस मिनिटांवरून पंधरावर आला. "त्याच्या खाली एक मिनिट नाही!"

"पहिली पाळी कोण सोडतंय?" फिटरनं विचारलं. "ती तर तुमच्या वयाच्यांची मागणी."

"मागायची, पण अडून बसायचं नाही," ताई म्हणाली.

सगळं एका कागदावर उतरलं: काय मागायचं, कुठवर यायचं, काय सोडायचं. बैठकीत फक्त ताई बोलणार. नवं काही पुढं आलं की बाहेर जाऊन बोलायचं, टेबलावर नाही.

बैठकीत मॅनेजर तासभर घोळ घालत बसला. मग ताईकडे बघून गोड आवाजात म्हणाला, "पन्नाशीवाल्यांना पहिली पाळी आजच देतो. विश्रांतीचं पुढच्या वर्षी बघू."

"आम्ही दहा मिनिटं बाहेर जातो," ताई म्हणाली.

कॉरिडॉरमध्ये भट्टीवाला हळूच म्हणाला, "ताई, घ्यायची असेल तर घ्या. मी समजावतो माझ्या माणसांना."

हेच तिला ऐकायचं होतं आणि हेच ऐकायला ती घाबरत होती.

"कागदावर काय आहे?" तिनं विचारलं.

"विश्रांतीशिवाय सही नाही."

"मग झालं तर."

संध्याकाळपर्यंत पंधरा मिनिटांची विश्रांती आणि दहा दिवस आधी वेळापत्रक यांवर सह्या झाल्या. पहिल्या पाळीवर "विचार करू" एवढंच मिळालं. गेटवर भट्टीवाल्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. फिटर ओरडून ताईला बोलावत होता. ती लांबूनच हात हलवून निघाली, पण आश्रमाची वेळ संपली होती.

पुढचा आठवडा दुसऱ्या पाळीचा होता. त्यानंतरच्या रविवारी ती गेली, तेव्हा बहीण खिडकीशी बसली होती. ताई शेजारी बसली. बहिणीनं तिच्याकडे सभ्यपणे पाहिलं आणि खुर्ची थोडी सरकवून तिला जागा करून दिली.

"कुणाला भेटायला आलात?"

"तुम्हालाच," ताई म्हणाली, आणि सहा वाजेपर्यंत तिथंच बसून राहिली.