अकरा नंबरची हिरवी ओळ

शाळेच्या बसगाड्यांच्या डेपोत सर्व्हिसच्या नोंदी ठेवणाऱ्या गृहस्थांना सगळे मीटरमामा म्हणत. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. रोज संध्याकाळी प्रत्येक बसमध्ये चढून किलोमीटर स्वतः वाचायचे आणि संगणकात भरायचे. शेवटच्या सर्व्हिसपासून दहा हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यातलं जे आधी भरेल त्या दिवशी त्या बसची ओळ लाल व्हायची. "उभ्या गाडीचंही वय वाढतं," हे ते प्रत्येक नव्या ड्रायव्हरला ऐकवत. ऐकणारा कंटाळायचा, पण मामा बरोबर असत, हाच खरा वैताग होता.

अकरा नंबरची बस त्यांचा जावई चालवायचा. घरी तो जावईबापू, डेपोत नुसता अकरा नंबर.

सप्टेंबरात तो म्हणाला, "मामा, ब्रेक मऊ लागतोय. पाय खोल जातो."

मामांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "ओळ हिरवी आहे. डिसेंबरपर्यंत काही नाही. पाय जरा बेतानं ठेवा."

त्यांच्या चिठ्ठीशिवाय मिस्त्री गाडीला हात लावत नसे, आणि चिठ्ठी काही निघाली नाही. तिसऱ्या तक्रारीनंतर मॅनेजरनं जावयाला कामचुकारपणाची लेखी ताकीद दिली. मामांनी लेकीलाही सांगितलं, "तुझ्या नवऱ्याला निमित्तं फार सुचतात."

नोव्हेंबरात वर्षाचा अहवाल काढताना अकरा नंबरच्या जुन्या नोंदी समोर आल्या. सर्व्हिस जानेवारीत झालेली. जूनमध्ये फक्त बॅटरी बदललेली, पण नोंद 'दुरुस्ती'ऐवजी 'सर्व्हिस' या रकान्यात. नोंदीखाली सही मामांचीच. संगणकानं जूनपासून नवे सहा महिने मोजायला घेतले होते. बस छोट्या फेरीची, जानेवारीपासून जेमतेम सहा हजार किलोमीटर झालेली, त्यामुळे किलोमीटरनं ती लाल होणारच नव्हती. महिन्यांनी मात्र जुलैतच व्हायला हवी होती.

नोंद दुसरं कोणी उघडणार नव्हतं, आणि डिसेंबरात ओळ आपोआप लाल झालीच असती. त्यांनी रकाना बदलला. ओळ लाल झाली, तिच्यापुढे 'चार महिने उशीर' असं उमटलं.

मिस्त्रीनं ब्रेकचं तेल काढलं. काळपट, ओल शोषलेलं. ब्रेकचे पॅड झिजून पत्र्याला टेकले होते. त्या बसमध्ये रोज बावीस मुलं बसत.

मामांनी चूक लिहून मॅनेजरला दिली, ताकीद मागे घ्यायला लावली आणि जावयाला आवारात गाठलं.

"माझी चूक होती. तुम्ही खरं बोलत होता."

जावई हात पुसत म्हणाला,

"ताकिदीचं जाऊ द्या, मामा. मी दोन महिने घरी हेच सांगतोय, आणि तुमची लेक म्हणते, बाबा चुकत नाहीत. तिला तुम्ही सांगा. माझं ती ऐकणार नाही."

मामांना खूप लाज वाटली. त्या संध्याकाळी मीटर न वाचताच ते लेकीच्या घरी गेले.