डावीकडे सरकलेलं फ्लोराईड

तक्त्यात रिकामी चौकट दिसली की आमच्या साहेबांच्या पोटात दुखायचं. त्या दुखण्याचा मला अजून राग येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कंत्राटी सहायक होते. गावोगावच्या हातपंपांचं पाणी यायचं, आम्ही तपासायचो. फ्लोराईड दीड मिलीग्रामच्या वर गेलं की त्या पंपाला लाल रंग मारायचा, म्हणजे हे पाणी पिऊ नका. आमच्याकडे हे लहान पोरांनाही ठाऊक असतं.

आकडे साठवायला कुण्या कंत्राटदाराने पायथॉनमध्ये एक प्रोग्रॅम करून दिला होता. फाईल बनवायचं त्याला सुचलंच नाही. काळ्या खिडकीत सगळं एकापाठोपाठ छापून यायचं:

[{'pump': 10, 'ph': 7.1, 'turbidity': 2, 'fluoride': 0.9, 'nitrate': 12}, {'pump': 11, 'ph': 7.3, 'fluoride': 0.6, 'nitrate': 4.2}, …

महिरपी कंसातला एकेक तुकडा म्हणजे एकेक पंप. एक्सेलमध्ये चिकटवलं की सगळं एकाच चौकटीत कोंबलं जायचं. दहा-वीस पंप मी हाताने उतरवले, मग वैतागून शिकले. छापलेला मजकूर एका फाईलमध्ये टाकायचा, पायथॉनला सांगायचं की हा नुसता मजकूर नाही, यादी आहे, तशी वाच. मग पायथॉनमध्येच तक्ते बनवणारं पांडाज नावाचं साधन असतं, त्याच्याकडे द्यायची. ते सगळ्या तुकड्यांतली ph, fluoride अशी नावं गोळा करून त्यांचे रकाने करतं, आणि प्रत्येक आकडा त्याच्या नावाखालीच बसवतं. ज्या पंपाच्या तुकड्यात एखादं नावच नसेल, तिथे चौकट रिकामी.

त्या आठवड्यात गढूळपणा मोजायचं यंत्र दोन दिवस बंद होतं. म्हणून अकरा आणि चौदा नंबरच्या पंपांना turbidity नव्हतंच. दोन चौकटी रिकाम्या आल्या. बरोबरच आल्या.

"हे रिकामे डबे कायले ठेवले? वरचे विचारतात ना!" साहेब म्हणाले. माझ्या हातातला माउस घेतला, दोन्ही चौकटी निवडल्या, डिलीट केल्या. एक्सेलने विचारलं, उरलेलं कुठे सरकवू? त्यांनी डावीकडे सांगितलं. शेवटी उरलेल्या दोन जागी टाईप केलं, 'निरंक'.

"झालं. इतकं सोपं असते."

मी शेजारीच उभी होते. आकडे सरकलेले मी पाहिले. पुढच्या महिन्यात माझं कंत्राट नवं व्हायचं होतं, म्हणून तोंडाला कुलूप लावलं आणि तक्ता वर पाठवला.

तीन आठवड्यांनी अकरा नंबरचा पंप असलेल्या तांड्यावरची एक बाई आली. हातात पाण्याची बाटली. ती टेबलावर आपटून म्हणाली, "आमच्या बोरिंगले लाल रंग काहून मारला? याच पाण्यानं माही सासू ऐंशी वर्षं जगली. आता शिवारातल्या बोरिंगवर जाऊन राह्यलो, कापसातून, डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन. एक चक्कर तुम्ही मारून पाहा!"

मी तिच्यासमोरच तपासलं. फ्लोराईड शून्य पूर्णांक सहा. निर्मळ पाणी. तक्त्यात होतं चार पूर्णांक दोन, म्हणजे नायट्रेटचा आकडा, घर बदललेला.

माझं डोकं फिरलं. पण पुढचा विचार आला तेव्हा रागही गारठला. दुसरी चौकट चौदा नंबरची होती.

जुना मजकूर उघडला: {'pump': 14, 'ph': 7.8, 'fluoride': 3.1, 'nitrate': 0.8}. तक्त्यात मात्र फ्लोराईड शून्य पूर्णांक आठ. पिण्यास योग्य.

"ती शिवारातली बोरिंग," मी विचारलं, "तिचा नंबर किती?"

"चौदा. तुमच्याच माणसानं सांगितलं, तिथलं प्या म्हणून."

साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "मशीनची चूक लिहून टाका." मशीनची! मशीनने तर जागा प्रामाणिकपणे रिकामी ठेवली होती. मी त्या दिवशी पहिल्यांदा ओरडले, सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल इतकं. मग लाल रंगाचा डबा उचलला आणि तिच्यासोबत निघाले.

चौदा नंबरवर तिच्या तांड्यातल्या चार बाया पाणी भरत होत्या; तिचाही गुंड त्यांनी भरून ठेवला होता. मी ब्रश बुडवला. सगळ्या थांबल्या. सोबत आलेल्या त्या बाईने मला विचारलं, "हे तुमाले कधी समजलं?"

"आज." मग खोटं जमेना. "आकडे सरकले ते त्याच दिवशी पाहिलं होतं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

मी सांगितलं. नोकरीचं.

तिने आपला भरलेला गुंड माझ्या पायाशी उपडा केला, रिकामा डोक्यावर घेतला आणि तांड्याकडे चालू लागली.